प्लेटा सोमवारी वाचायच्या होत्या

इंटर्नशिपला लागलेलं मूल आजारी पडलं की वरिष्ठांना जो मेल जातो, तो बहुधा दोन ओळींचा असतो. "ताप आल्यामुळे आज येऊ शकत नाही. कृपया रजा मंजूर करावी." त्यात खोटं काही नसतं. पण वाचणाऱ्याला त्यावरून पुढचं काहीच ठरवता येत नाही. हा मुलगा उद्या येणार की पंधरा दिवसांनी? त्याच्या टेबलावर अर्धवट राहिलेलं काम कुणी उचलायचं, की तसंच राहू द्यायचं? मग फोनाफोनी सुरू होते आणि तापाने फणफणलेल्या मुलाला पासवर्ड नि फाइलींची नावं विचारली जातात.

चांगला मेल कसा होतो, हे एका प्रसंगातून बघू. प्रसंग उदाहरणादाखल रचलेला आहे, मात्र त्यातली प्रत्येक अडचण प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. कार्यालयातल्या साध्या इंटर्नशिपऐवजी मी मुद्दाम दूध संघाची क्वालिटी लॅब घेतली आहे, कारण तिथलं काम माणसासाठी थांबत नाही आणि तिथे आजाराचं नावही लपवून चालत नाही.

अन्नतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघात सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपला आहे. २ जून ते १२ जुलै, रविवारी सुटी, रोज आठ तास. महाविद्यालयाची अट २४० तासांची. क्वालिटी विभागाच्या मॅडमनी तिला एक छोटा अभ्यास नेमून दिला आहे. साध्या पिशवीतलं पनीर आणि व्हॅक्यूम पॅक केलेलं पनीर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दर तीन दिवसांनी तपासून कोणतं किती टिकतं ते पाहायचं. १७ जूनला पहिली तपासणी झाली, तो शून्यावा दिवस. पुढच्या तपासण्या २०, २३, २६, २९ जून आणि २ जुलैला. प्रत्येक वेळी दोन्ही प्रकारची दोन-दोन पाकिटं उघडायची. पनीरचा नमुना पातळ करून पेट्री प्लेटमध्ये पोषक आगरबरोबर ओतायचा, प्लेट इन्क्युबेटरमध्ये ३० अंश सेल्सियसला ७२ तास ठेवायची आणि मग त्यावर उगवलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या. लॅबच्या भाषेत याला 'प्लेट वाचणं' म्हणतात.

इथे तारखांचं गणित लक्षात घ्यायला हवं. २० जूनला ओतलेल्या प्लेटा २३ जूनला वाचायच्या, आणि नेमकी त्याच दिवशी सहाव्या दिवसाची पाकिटंही उघडायची. २० च्या संध्याकाळी मुलीच्या अंगात कसकस सुरू झाली. २१ ला ती तशीच लॅबमध्ये गेली. २२ ला रविवार होता, ताप वाढत गेला. २३ च्या सकाळी तिला उठवेना.

त्या सकाळी मेल लिहिण्यात अर्थ नव्हता. मॅडम मेल दहा-अकरानंतर बघतात, प्लेटा मात्र सकाळीच बाहेर काढायच्या होत्या. म्हणून सात वाजता तिने फोन केला आणि लगेच त्याच गोष्टी व्हॉट्सअॅपवर लिहूनही पाठवल्या: "मॅडम, ताप आहे, आज येऊ शकत नाही. दुपारी डॉक्टरांना दाखवून कळवते. आज दोन कामं आहेत. २० तारखेच्या आठ प्लेटा इन्क्युबेटरच्या मधल्या कप्प्यात आहेत, त्या आज वाचायच्या. सहाव्या दिवसाची चार पाकिटं दोन नंबरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आहेत. वाचायला कुणी मोकळं नसेल तर प्लेटा इन्क्युबेटरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवायला सांगाल का?"

शेवटचं वाक्य तिच्या हुशारीचं आहे. ७२ तास झालेली प्लेट इन्क्युबेटरमध्येच राहिली तर वसाहती वाढतच राहतात, एकमेकींत मिसळतात आणि मोजणी भलतीच येते. प्लेट थंड केली की वाढ थांबते, आणि साधारण एक दिवसापर्यंत ती मोजता येते. फक्त तशी नोंद करावी लागते. म्हणजे मदतीला कुणी मोकळं नसेल, तरी कुणाच्याही हातून दोन मिनिटांत होणारं काम तिने सुचवलं. आजारी माणसाने पहिल्या निरोपात एवढंच बघायचं असतं: आज हातचं जाणारं काय आहे आणि ते वाचवायला कमीत कमी काय करावं लागेल. बाकीचं नंतर.

आता प्रमाणपत्राकडे येऊ. २३ ला दुपारी डॉक्टरांनी तपासलं, टायफॉईडचा संशय आला म्हणून रक्त कल्चरसाठी पाठवलं आणि २५ जूनपर्यंत तीन दिवसांची विश्रांती लिहून दिली. अनेकांना इथे प्रश्न पडतो: संशय आहे, तर पंधरा दिवस एकदम का लिहीत नाहीत? कारण पहिल्या आठवड्यात निदान पक्कं नसतं. आपल्याकडे सर्रास केली जाणारी विडाल चाचणी सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्ह येते, आणि एकदाच केलेल्या विडालवर फारसं विसंबता येत नाही. रक्ताचं कल्चर अधिक भरवशाचं, पण त्यात जिवाणू वाढून दिसायला दोन-तीन दिवस लागतात. नीट काम करणारा डॉक्टर रिपोर्ट हाती येईपर्यंत थोड्या दिवसांचीच विश्रांती लिहितो आणि मग वाढवून देतो. म्हणून वरिष्ठांना पहिल्याच दिवशी "दोन आठवडे येणार नाही" असं कळवू नये आणि "परवा नक्की येते" असंही कळवू नये. "२६ ला रिपोर्ट येईल, त्या संध्याकाळी नक्की तारीख कळवते" हे जास्त उपयोगी, कारण समोरच्याला वाट कधीपर्यंत बघायची ते कळतं.

२६ ला कल्चर पॉझिटिव्ह आलं. टायफॉईडच. डॉक्टरांनी २३ जून ते ६ जुलै असं चौदा दिवसांचं प्रमाणपत्र दिलं.

हा कागद हातात आला की घरी नेण्याआधी तिथेच वाचावा. भारतात डॉक्टरांच्या व्यावसायिक आचाराचे २००२ चे नियम आहेत आणि त्यांच्या परिशिष्टात रजेच्या प्रमाणपत्राचा नमुनाही दिलेला आहे. त्यात रुग्णाची सही सुरुवातीलाच असते. मग 'वर जिची सही आहे ती व्यक्ती अमुक आजाराने आजारी आहे, आणि अमुक तारखेपासून अमुक दिवस कामावरून दूर राहणं प्रकृतीसाठी आवश्यक आहे' असा मजकूर येतो. याच नियमांनुसार डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवायची असते, प्रत जपायची असते आणि रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता व निदान एक ओळखखूण नोंदवायची असते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही त्यावर हवाच. खोटं किंवा दिशाभूल करणारं प्रमाणपत्र दिलं तर नोंदणी रद्द होण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. म्हणून "मागच्या सोमवारपासूनचं लिहून द्या ना डॉक्टर" असं म्हणणं म्हणजे डॉक्टरांकडे भलतीच गोष्ट मागणं आहे. ज्या दिवशी त्यांनी तपासलं त्याआधीच्या दिवसांबद्दल ते फार तर 'रुग्णाच्या सांगण्याप्रमाणे' असं लिहू शकतात. आपल्या उदाहरणात ही अडचण आली नाही, कारण मुलगी २३ लाच दाखवायला गेली होती. तापात घरी पडून राहून चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे जाणाऱ्यांची मात्र इथेच पंचाईत होते.

प्रमाणपत्रं परत येतात ती मोठ्या घोटाळ्यांमुळे नव्हे, बारीकसारीक चुकांमुळे. घरात हाक मारायचं नाव लिहिलेलं असतं आणि कॉलेजच्या नोंदीत वेगळंच. 'सात दिवस विश्रांती' असं लिहिलेलं असतं, पण कोणत्या तारखेपासून ते नसतं. किंवा तारखा आणि दिवस जुळत नाहीत: २३ जून ते ६ जुलै हे दोन्ही दिवस धरून चौदा होतात, वजाबाकी करून कुणी तेरा लिहितं आणि मनुष्यबळ विभाग विचारणा करतो. मोबाइलने काढलेल्या फोटोत खालचा शिक्का अर्धा कापला जातो. दवाखान्यातून निघण्यापूर्वी दोन मिनिटं दिली तर हे सगळं जागच्या जागी दुरुस्त होतं. पुन्हा हेलपाटा पडत नाही.

तिने २६ च्या संध्याकाळी पाठवलेला मेल पुढे दिला आहे. दूध संघाचा कारभार मराठीत चालतो म्हणून मेल मराठीत आहे. इंग्रजी चालणाऱ्या ठिकाणी भाषा बदलेल, मजकुराचा क्रम हाच ठेवावा.

विषय: आजारपणाची रजा, २३ जून ते ६ जुलै, पनीर शेल्फ लाइफचं उरलेलं काम

मॅडम, नमस्कार.

सोमवारी फोनवर सांगितल्याप्रमाणे मी तापाने आजारी आहे. आज रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट आला, टायफॉईडचं निदान नक्की झालं. डॉक्टरांनी २३ जून ते ६ जुलै अशी चौदा दिवसांची विश्रांती सांगितली आहे. प्रमाणपत्राची स्कॅन प्रत जोडली आहे, मूळ प्रत रुजू होताना देईन. या काळाची रजा मंजूर करावी, ही विनंती.

एक गोष्ट आपल्याला लगेच कळायला हवी. २० तारखेच्या संध्याकाळपासून मला कसकस होती आणि २१ तारखेला अंगात बारीक ताप असताना मी दिवसभर लॅबमध्ये होते. २० तारखेला दुपारी चव-परीक्षणासाठी पनीरचे तुकडे मीच कापले होते. हातमोजे घातले होते. परीक्षणाला बसलेल्यांची नावं रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या पानावर आहेत. त्या आठवड्यात मी उत्पादन विभागात गेले नव्हते.

सहाव्या दिवसाची पाकिटं केमिस्ट सरांनी २३ ऐवजी २४ तारखेला तपासली आणि आजची तपासणीही त्यांनीच केली, त्यांचे आभार. २४ ची नोंद मी तक्त्यात सातवा दिवस म्हणूनच ठेवणार आहे.

आता आठ पाकिटं उरली आहेत, दोन नंबरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, निळ्या लेबलची साधी आणि लाल लेबलची व्हॅक्यूम. त्यातली चार २९ जूनला आणि चार २ जुलैला तपासायची आहेत. प्लेटा वाचायच्या तारखा: २७ जून, २९ जून, २ जुलै आणि ५ जुलै. २९ ला रविवार आहे. त्या दिवशी शिफ्टवरच्या केमिस्टना जमणार नसेल तर तपासणी ३० ला करून तेरावा दिवस अशी नोंद केली तरी अभ्यासाला बाध येणार नाही. २ जुलैची तपासणी जमली नाही तर ती सोडून द्यावी, अहवालात तसं लिहीन. कृती माझ्या लॅब वहीच्या पान १४ वर आहे, वही माझ्या खणात आहे.

तक्ता, आलेख आणि अहवाल यांना हात लावण्याची गरज नाही, ते मी आल्यावर करीन. जुलैत बरं वाटलं तर घरून आकडे भरायला घेईन, पण ते धरून चालू नये.

डॉक्टरांकडून फिटनेस प्रमाणपत्र मिळाल्यावर ७ जुलैला रुजू होण्याचा विचार आहे. लॅबमध्ये नमुने हाताळायची परवानगी मिळेपर्यंत मला टेबलावरचं काम द्यावं. माझे आतापर्यंत १४४ तास झाले आहेत. ७ ते १२ जुलैचे ४८ धरून १९२ होतात, म्हणजे २४० ला ४८ कमी पडतात. १४ ते १९ जुलै असे सहा दिवस वाढवून मिळाले तर ते भरून निघतील. माझ्या महाविद्यालयाच्या गाईडना मी तासांबद्दल वेगळं कळवत आहे.

काही विचारायचं असल्यास फोन करावा. मी झोपलेली असले तर आई घेईल आणि मला निरोप देईल.

आपली नम्र,
(नाव, वर्ष, महाविद्यालय, फोन)

मेल मोठा आहे, पण मॅडमना पहिल्या चार ओळींतच रजेची तारीख, कारण आणि पुरावा मिळतो. पुढचा भाग ज्याचा त्याला उपयोगी. माझ्या दृष्टीने या सगळ्या मेलमध्ये सर्वांत मोलाचा परिच्छेद दुसरा आहे, आणि लिहायला सर्वांत अवघडही तोच.

एरवी आजाराचं नाव हा माणसाचा खासगी मामला असतो. बँकेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्नशिप करणाऱ्याने 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहून प्रमाणपत्र फक्त मनुष्यबळ विभागाकडे दिलं तर त्यात काही वावगं नाही. वरिष्ठांना तारखा आणि कामाची व्यवस्था कळली की पुरे. खाद्यपदार्थांच्या जागी मात्र गोष्ट वेगळी. टायफॉईडचे जिवाणू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि नीट न धुतलेल्या हातांमधून अन्नात जाऊ शकतात. म्हणूनच अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या परवाना नियमांतल्या अनुसूची ४ मध्ये म्हटलं आहे की अन्नातून पसरू शकणारा आजार असलेल्या माणसाला अन्न हाताळण्याच्या जागेत येऊ देऊ नये, आणि ताप, कावीळ, जुलाब, उलट्या अशी लक्षणं दिसली तर त्याने व्यवस्थापनाला सांगावं. इंटर्न पगारी नोकर नसला तरी त्याचे हात अन्नाला लागतातच.

ती २० तारखेची गोष्ट तिने लिहिली नसती तर कुणाला कळलंही नसतं. पण चव घेतलेल्यांपैकी कुणाला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर त्याने डॉक्टरांना काय सांगायचं हे या एका परिच्छेदावर ठरतं. टायफॉईडचा संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात, कधी जास्तही. मॅडमना त्या लोकांना लगेच सावध करता येतं. परिच्छेदाचा सूरही बघा: त्यात माफी नाही, घाबरगुंडी नाही, 'माझ्यामुळे काही झालं असेल तर' असलं काही नाही. काय झालं, कुठे झालं, नावं कुठे मिळतील, आणि कुठे ती गेलीच नव्हती, एवढंच. काय करायचं ते मॅडम ठरवतील. गाईडना मात्र हे कळण्याची गरज नाही, त्यांना फक्त तारखा आणि तास हवे आहेत. म्हणून तिने त्यांना या मेलची प्रत न पाठवता स्वतंत्र दोन ओळी लिहिल्या, हेही बरोबर केलं.

उरलेल्या कामाकडे वळू. आजारपणाच्या मेलमध्ये मुलं 'सर्व प्रलंबित काम मी परत आल्यावर पूर्ण करेन' असं वाक्य टाकतात. ऐकायला बरं वाटतं, पण प्रयोगशाळेत ते बऱ्याचदा खोटं ठरतं. बाराव्या दिवसाचं पनीर एकदाच बाराव्या दिवसाचं असतं. ते परत आल्यावर तपासता येत नाही. तिच्या मेलमध्ये कामाच्या तीन तऱ्हा आपोआप वेगळ्या पडल्या आहेत. तारखेला बांधलेलं काम, जे दुसऱ्याच्या हातूनच व्हायला हवं. तारीख थोडी हललेली चालेल असं काम. आणि जे तिच्याशिवाय कुणी करण्याची गरजच नाही, असं टेबलावरचं काम. पहिल्या तऱ्हेसाठी तिने पाकिटं कुठे आहेत, लेबल कोणतं, कृती कोणत्या पानावर हे सगळं दिलं. दुसरीसाठी सूट दिली. तिसऱ्या तऱ्हेच्या कामाला 'हात लावू नका' असं स्पष्ट लिहिलं. नाहीतर भल्या मनाचा एखादा सहकारी तक्ता भरायला बसतो आणि नंतर तो निस्तरताना दुप्पट वेळ जातो.

यातली सर्वांत मोठी भीती म्हणजे चुकलेली तपासणी. सहाव्या दिवसाची तपासणी एक दिवस उशिरा झाली. आलेखात तीन-तीन दिवसांच्या अंतराने ठिपके देखणे दिसावेत म्हणून सातव्या दिवसाचा आकडा सहाव्यात बसवायचा मोह होतो. त्याहून वाईट म्हणजे तपासणीच झाली नाही तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरासरी काढून मधला रकाना भरणं. जिवाणूंची वाढ सरळ रेषेत होत नाही, एका टप्प्यानंतर ती एकदम उसळी घेते. त्यामुळे सरासरीने भरलेला आकडा पनीर कोणत्या दिवशी बिघडलं याचंच उत्तर चुकवू शकतो. रिकामा रकाना आणि त्याखाली 'तपासणी झाली नाही' ही टीप, एवढ्याने अभ्यासाचं नुकसान होत नाही. सहापैकी पाच तपासण्या नीट असल्या तरी निष्कर्ष काढता येतो.

घरून काम करण्याबद्दलचं तिचं वाक्य मुद्दाम कोरडं ठेवलेलं आहे. टायफॉईडच्या पहिल्या आठवड्यात ताप पायरीपायरीने चढतो, १०३ ते १०४ फॅरनहाइटपर्यंत जातो. योग्य अँटिबायोटिक सुरू केल्यावरही तो उतरायला चार-पाच दिवस लागतात आणि अशक्तपणा त्यानंतरही पुरतो. काही रुग्णांत बरं वाटल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप उलटून येतो. अशा आजारात 'रोज संध्याकाळी दोन तास आकडे भरीन' हे वचन पाळलं जाण्याची शक्यता कमी, आणि न पाळलेलं वचन मॅडमच्या नियोजनात गृहीत धरलं गेलेलं असतं. म्हणून 'ते धरून चालू नये'.

रजा मिळण्याचा हक्क किती, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. इंटर्न आणि अप्रेंटिस यांत इथे मोठा फरक आहे. अप्रेंटिस कायद्याखाली करार करून आलेल्या मुलांना आस्थापनेत पाळल्या जाणाऱ्या रजा आणि सुट्या मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे. महाविद्यालयातून इंटर्नशिपला आलेल्या विद्यार्थ्याला असं कायद्याचं कवच नसतं. त्याच्या रजेचं सगळं ऑफर लेटरवर, कंपनीच्या रिवाजावर आणि महाविद्यालयाच्या तासांच्या अटीवर अवलंबून असतं. स्टायपेंड असेल तर गैरहजेरीचा कापला जाईल का, हेही ऑफर लेटरमध्ये बघावं लागतं. बऱ्याच मुलांनी ते पत्र सही करताना वाचलेलंच नसतं. म्हणूनच मेलमध्ये रजा 'कळवते' म्हणू नये, 'मंजूर करावी ही विनंती' म्हणावं. आणि तासांचा हिशेब स्वतःच मांडून वाढीव दिवसांची मागणी त्याच मेलमध्ये करावी. १४४ अधिक ४८, राहिले ४८, ही तीन आकड्यांची बेरीज-वजाबाकी मॅडमना करावी लागली तर ती अहवाल जमा करायच्या आदल्या दिवशी होते, आणि मग १४ ते १९ जुलैला लॅबमध्ये दुसराच इंटर्न येऊन बसलेला असतो.

७ जुलैला ती फिटनेस प्रमाणपत्र घेऊन गेली, पण त्या कागदाने लॅबचं दार लगेच उघडत नाही. फिटनेसवर 'कामावर रुजू होण्यास योग्य' असं लिहिलेलं असतं. ते चालण्याफिरण्यापुरतं खरं. टायफॉईडमधून बरी झालेली काही माणसं बाहेरून ठणठणीत असूनही जिवाणू बाहेर टाकत राहतात, थोडी माणसं तर वर्षभराहून अधिक काळ. म्हणून अन्न हाताळणाऱ्याला पुन्हा कामावर घेण्याआधी अँटिबायोटिक संपल्यानंतर काही दिवसांनी विष्ठेचं कल्चर करतात, तेही एकदा करून भागत नाही. डॉक्टरांना 'मी दूध संघाच्या लॅबमध्ये काम करते' हे आधीच सांगितलं तर ते तपासण्यांच्या तारखा तशा लावून देतात आणि प्रमाणपत्रावर तसं स्पष्ट लिहितात. सांगितलं नाही तर साधं फिटनेस मिळतं, आणि संघाच्या दारात पुन्हा वाद होतो.

तिचा पहिला आठवडा मग टेबलावर गेला: केमिस्ट सरांनी वहीत लिहिलेले आकडे तक्त्यात भरणं, आलेख काढणं, अहवालाचा कच्चा मसुदा. मूळ प्रमाणपत्र मनुष्यबळ विभागात जमा झालं, झेरॉक्स तिच्या इंटर्नशिप डायरीला लावली गेली. डायरीत २३ जून ते ६ जुलै या रकान्यांत तिने 'वैद्यकीय रजा' लिहिलं आणि मॅडमची सही घेतली, कारण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक ते कोरे दोन आठवडे आधी बघतात. अहवालाच्या पद्धतीच्या भागात एक ओळ वाढली: 'सहाव्या दिवसाची तपासणी एक दिवस उशिरा, सातव्या दिवशी करण्यात आली, २४ जून ते २ जुलैच्या तपासण्या प्रयोगशाळेतील केमिस्टनी केल्या.'